अंदाज सांगायच्या आधी मागची कामं काढून बघा

नमस्कार मंडळी. आज एकाच प्रश्नावर बोलायचंय. "हे काम किती दिवसांत होईल?" हा प्रश्न आला की आपण सगळेच साधारण एकच गोष्ट करतो. काम डोळ्यासमोर आणतो, त्याचे तुकडे पाडतो, हे एक दिवस, ते दोन दिवस, टेस्टिंग अर्धा दिवस, बेरीज करतो, वर एखाद-दुसरा दिवस लावतो आणि सांगून मोकळे होतो. यात खोटं कोणी बोलत नसतं बरं का. पण डोळ्यासमोर जे येतं ते सगळं सुरळीत चाललेलं काम असतं, कारण अडचण कुठली येणार हे आधी माहीतच नसतं, मग ती दिसणार कशी.

१९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. मग असंही विचारलं की जितकं वाईट होऊ शकतं तितकं सगळं झालं तर? तर सरासरी ४९. आणि खरे लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून काढलेला आकडासुद्धा सरासरीने कमीच पडला. त्यामुळे "मी थोडं मार्जिन ठेवलंय" असं कोणी म्हणालं की मी फार निश्चिंत होत नाही, ते मार्जिनही त्याच डोक्यातून आलेलं असतं ना.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. डॅनिएल कानेमन, ज्यांनी आमोस ट्वेर्स्कीबरोबर या विषयाचा पाया घातला, ते इस्राएलमधे शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात होते. गटात सगळ्यांनी चिठ्ठीवर अंदाज लिहिले, सगळे साधारण दीड ते अडीच वर्षांच्या आसपास. त्यांच्यात अभ्यासक्रम तयार करण्याचे एक जाणकार होते, त्यांनीही तेच लिहिलं. मग कानेमननी त्यांना विचारलं की असे दुसरे गट तुम्ही पाहिलेत, त्यांना किती वेळ लागला? ते गृहस्थ जरा गप्प झाले आणि म्हणाले, साधारण ४० टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. शेवटी या गटाला आठ लागली.

यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की माहिती त्या माणसाच्या डोक्यात होती. तरी चिठ्ठी लिहिताना ती वापरली गेली नाही, कारण "आपलं काम" आणि "असली कामं" हे दोन वेगळे कप्पे असतात आणि कोणी मुद्दाम विचारल्याशिवाय दुसरा कप्पा उघडत नाही. म्हणून आजची सगळी पद्धत म्हणजे तो दुसरा कप्पा आधी उघडायचा, आणि तोही आठवणीतून नाही, नोंदीतून.

आता एक उदाहरण नीट करूया. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत पण चित्र ओळखीचं वाटेल. एक छोटी टीम आहे, गिऱ्हाइकांचा डेटा जुन्या सिस्टीममधून नव्यात हलवायचं काम करते. नवीन काम आलंय. टीमला सवयीने अशा कामाला सहा दिवस वाटतात, जवळजवळ प्रत्येक वेळी सहाच्या आसपासच सांगितलेत. हे काम जरा किचकट आहे म्हणून यावेळी नऊ म्हणतायत.

पहिलं काम, मागच्या नोंदी काढा. नोंद ठेवली नसेल तरी माग सापडतो, ईमेलमधे, बिलांवर, कॅलेंडरमधे, कोड असेल तर त्याच्या हिस्ट्रीत. फाइलवरच्या तारखांवर मात्र भरवसा ठेवू नका, फाइल कॉपी केली की तारीख बदलू शकते. आणि आधी ठरवून घ्या की सुरुवात कशाला म्हणायचं आणि शेवट कशाला. "हो, करतो" म्हटलं तो दिवस, का पहिल्यांदा हात लावला तो? शेवट म्हणजे आपण पाठवलं तो दिवस, का समोरच्याने ओके म्हटलं तो? विचारणाऱ्याला जे हवंय तेच मोजा, बहुतेक वेळा त्याला हो म्हटल्यापासून ओके मिळेपर्यंतचे दिवस हवे असतात. हे न ठरवता आकडे गोळा केले तर पाच दिवसाचं काम आणि पंधरा दिवसाचं काम एकाच यादीत बसतं आणि कोणाला कळतही नाही.

तर या टीमची पुरी झालेली नऊ कामं सापडली. लहानापासून मोठ्यापर्यंत लावली: ६, ७, ८, ९, ११, १२, १४, १९, ३१ कामाचे दिवस. मधला आकडा ११. म्हणजे निम्मी कामं ११ दिवसांत किंवा त्याआधी झाली. सरासरी काढू नका बरं, ते ३१ वालं एक काम ती एकटं वर ओढतं. उशीर हा प्रकार असा एकतर्फीच असतो, सहा दिवसांचं काम उणे दहा दिवसांत होऊ शकत नाही, पण एकतीस दिवस मात्र खाऊ शकतं.

आणि १९ दिवसांपर्यंत नऊपैकी आठ झाली, म्हणजे ८९ टक्के. मग १९ सांगितलं की झालं? थांबा. त्या यादीत फक्त पुरी झालेली कामं आहेत. नीट शोधलं तर आणखी दोन सापडली, एक २० दिवस चालून सोडून दिलेलं, एक २५ दिवसांनी. ती कोणी मोजत नाही कारण त्यांना शेवटची तारीखच नाही, आणि नेमकी तीच कामं सगळ्यात जास्त रखडलेली असतात. ती धरली की यादी होते ११ कामांची: ६, ७, ८, ९, ११, १२, १४, १९, "२० पेक्षा जास्त", "२५ पेक्षा जास्त", ३१. मधला आकडा ११ चा १२ झाला, फार काही बिघडलं नाही. पण १९ दिवसांची खात्री बघा, आता अकरापैकी आठ, म्हणजे ७३ टक्के. दहापैकी आठ वेळा खरा ठरेल असा आकडा हवा असेल तर नवव्या कामापर्यंत जावं लागतं, म्हणजे निदान २०, आणि हे "निदान" खरंच निदान आहे.

इथे कोणीतरी विचारतंच, की मग टीमला सहा का वाटतात, इतके कच्चे आहेत का ते? तर नाही. प्रत्यक्ष हात चालू असलेले दिवस मोजले तर ते पाच-सहाच निघतील. उरलेले दिवस वाट बघण्यात जातात, समोरून पासवर्ड यायचाय, जुन्या डेटातले दुबार रेकॉर्ड कुठले ठेवायचे हे त्यांनी सांगायचंय, मधेच दुसरं तातडीचं काम आलंय. मन मेहनत मोजतं, कॅलेंडर सगळंच मोजतं. म्हणून "आम्ही आता वेगाने काम करतो" हे कारण देऊन आकडा खाली आणायचा मोह झाला तर आधी तपासा की वेग कुठल्या भागात वाढलाय, वाट बघायचा भाग तसाच असेल तर हात दुप्पट वेगाने चालूनही तारीख दोन-तीन दिवसच अलीकडे येणार.

आता दुसरा मोठा प्रश्न, हे काम किचकट आहे असं टीम म्हणतेय त्याचं काय? फेकून द्यायचं का? कानेमन आणि ट्वेर्स्की यांनी १९७९ मधेच यावर उपाय लिहून ठेवलाय आणि मला तो या सगळ्यातला सर्वात कामाचा भाग वाटतो, जरी बोलताना लोक तो गाळतात. मनातला अंदाज दिवस म्हणून घेऊ नका, तुलना म्हणून घ्या. टीम नेहमी सहा म्हणते, आज नऊ म्हणतेय, म्हणजे त्यांच्या मते हे काम नेहमीपेक्षा दीडपट मोठं आहे. त्यांचं शंभर टक्के ऐकलं तर मधला आकडा १२ चा १८ होईल. अजिबात नाही ऐकलं तर १२ च राहील. मग किती ऐकायचं? तर जुन्या नोंदीत बघा, टीमने जेव्हा जेव्हा "हे मोठं आहे" म्हटलं तेव्हा ते खरंच मोठं निघालं का. कधी हो कधी नाही असं असेल तर निम्म्या वाटेवर थांबा, १५. आणि खात्रीचा आकडा २० होता तोही त्याच प्रमाणात वर, २५. मग उत्तर असं देता येतं की पंधराच्या आसपास होण्याची निम्मी शक्यता, पण तारीख पक्की द्यायची असेल तर २५ धरा.

आणि हे फक्त वर नेण्यासाठी नाही. टीम चार म्हणाली असती तर त्याच हिशोबाने खालीही यायचं. अडचण ही आहे की प्रत्यक्षात खाली यायची कारणं भराभर सुचतात, यावेळी टूल नवीन आहे, यावेळी माणूस अनुभवी आहे, यावेळी गिऱ्हाईक चांगलं आहे. मी एकच विचारतो, मागच्या अकरा कामांपैकी किती वेळा असंच कारण दिलं होतं? बहुतेक वेळा नव्या टूलचं कारण मागेही दिलेलं असतं, आणि ते टूल त्या अकरा आकड्यांत आधीच जमा आहे.

"सारखी कामं" कुठली धरायची यावरही वाद होतात. फार बारीक चाळणी लावली, हेच सॉफ्टवेअर, हाच आकार, हाच माणूस, तर हातात दोन कामं उरतात आणि दोनात काहीच दिसत नाही. फार मोठी लावली तर सगळं एकत्र. माझं मत, आठ-दहा कामं मिळेपर्यंत चाळणी सैल करा, आणि कामांच्या आकारात खूपच फरक असेल तर दिवसांऐवजी प्रमाण घ्या, लागलेले दिवस भागिले सांगितलेले दिवस. पण चाळणी निकाल बघायच्या आधी ठरवा. ३१ वालं काम बघून झाल्यावर "ते जरा वेगळंच होतं हो" असं म्हणून काढलं, की यादी तुम्हाला हवं तेच सांगायला लागते.

आणि जिथे यादीच नाही, म्हणजे असलं काम कधी केलेलंच नाही, तिथे दुसऱ्या कोणाचं तरी काम शोधा, दुसऱ्या टीमचं, ओळखीतल्या कोणाचं. तेही नसेल तर तारीख सांगू नका, पहिला छोटा भाग करून बघायला वेळ मागा आणि त्या भागाला सांगितलेले आणि लागलेले दिवस शेजारी-शेजारी लिहा, पुढच्या यादीची पहिली ओळ तिथूनच मिळते.