एक्झिट मीटिंगमधील वाद आणि एकशे वीस पोती

मंडळी, कोल्हापुरात सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करणाऱ्यांपुढे एक्झिट मीटिंग म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. माझी तक्रार वेगळी आहे. लेखापरीक्षण अहवालाचा मसुदा सकाळी अकरा वाजता द्यायचा आणि त्यावर चर्चा करायला बाराला ही बैठक घ्यायची, ही आपल्याकडची जुनी खोड. मग संचालक मंडळासमोर गोदामपाल आपल्यावरचा आक्षेप पहिल्यांदाच ऐकतो आणि साहजिकच आवाज चढवतो. त्यानंतर चहा येतो, आणि बैठकीत एकमत होते ते तेवढ्या चहापुरतेच. मसुदा निदान आठवडाभर आधी, तोही केवळ अध्यक्षांकडे नव्हे तर ज्याच्या टेबलावरची ती नोंद आहे त्याच्याकडे, गेला पाहिजे.

एका संस्थेतला प्रसंग सांगतो. 31 मार्चच्या संध्याकाळी साखरेची मोजणी झाली, तेव्हा साठा नोंदवहीपेक्षा पन्नास किलोची 120 पोती, म्हणजे 60 क्विंटल साखर, कमी भरली. मसुद्यात ‘तूट’ असे लिहिले होते. गोदामपालांचे म्हणणे असे, की माल मोजणीपूर्वीच ट्रकमध्ये भरून गेला, नोंद मात्र दुसऱ्या दिवशी झाली. अध्यक्ष म्हणाले, ‘आमचा माणूस प्रामाणिक आहे.’ असेलही, पण आक्षेप माणसावर नव्हता, पोत्यांवर होता. अशा वेळी लेखापरीक्षकाने वाद न घालता एवढेच विचारावे, की हे कोणत्या कागदावर दिसेल? गेटपास, वजनकाट्याची पावती आणि माल घेणाऱ्याची पोच मागवली. त्यांच्या तारखा आणि वेळा जुळवल्यावर 80 पोती मोजणीपूर्वी बाहेर पडल्याचे सिद्ध झाले. उरलेल्या 40 पोत्यांचा एकही कागद निघाला नाही.

म्हणजे तूट 20 क्विंटलवर आली. पण त्या 80 पोत्यांचे बिल 1 एप्रिलचे निघाले. साखर मार्चमध्ये गेली आणि विक्री पुढच्या वर्षात पडली, शिवाय नोंदीशिवाय माल फाटकाबाहेर जाऊ शकतो हेही उघड झाले. गोदामपालांचे म्हणणे बरेचसे खरे ठरले, पण त्यातून संस्थेपुढे नवा आक्षेप उभा राहिला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा एक्झिट मीटिंगमधले मतभेद कसे हाताळावेत, हा जाहीर केलेला विषय आता घाईत उरकतो. मतभेद वस्तुस्थितीचा आहे की तिच्या अर्थाचा, हे बैठकीत आधी वेगळे करावे. वस्तुस्थितीचा असेल तर निकाल तिथेच देऊ नये. कोणता कागद, कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत देणार, हे इतिवृत्तात लिहून सही घ्यावी. व्यवस्थापनाचे लेखी निवेदन हा एकट्याने पुरेसा पुरावा होत नाही, हे एसए 580 हे लेखापरीक्षण मानक स्पष्ट सांगते, त्यामुळे नुसत्या पत्रावर परिच्छेद वगळू नये.

मतभेद अर्थाचा असेल, तर संस्थेचे म्हणणे तिच्याच शब्दांत आक्षेपाखाली छापावे आणि आपला निष्कर्ष त्याखाली ठेवावा. मुदतीत आलेला कागद मात्र पुन्हा मूळ दप्तराशी ताडून पाहावा, कारण बैठकीनंतर तयार झालेल्या गेटपासचा अनुक्रमांक पुस्तकातल्या मागच्या-पुढच्या पावत्यांशी सहसा जुळत नाही.