एकादशीची रात्र आणि टॅमसुलोसिनची कॅप्सूल

नमस्कार श्रोतेहो.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामबागेतले एक काका-काकू माझ्या दवाखान्यात आले. काकांचं वय 68, बँकेतून निवृत्त. उजव्या कोपराला खरचटलेलं, चेहरा ओशाळलेला. खुर्चीत बसायच्या आत काकू म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच सांगा ह्यांना, आता उपास पुरे म्हणून. रात्री बाथरूममध्ये पडले." काकांनी लगेच तोंड उघडलं, "अहो, चाळीस वर्षं एकादशी करतोय. कधी चक्कर आली नाही. आज कुठून आली?"

प्रश्न रास्त होता. उपास चाळीस वर्षांचा, पण रोज रात्री घेतली जाणारी एक कॅप्सूल फक्त तीन महिन्यांची होती. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडखळत होत होती, रात्री तीन-तीनदा उठावं लागत होतं, म्हणून त्यांना टॅमसुलोसिन 0.4 मिलीग्रॅम सुरू केलं होतं. रात्री साडेआठला जेवायचं, नऊला कॅप्सूल. तीन महिने काही त्रास नाही, लघवीची धारही सुधारलेली.

एकादशीला मात्र सकाळी अकराला साबूदाण्याची खिचडी झाली, संध्याकाळी पंढरीनाथाचं दर्शन, आणि रात्री अर्धा पेला दूध. जेवण नव्हतं, पण नऊ वाजले आणि हात सवयीने कॅप्सूलकडे गेला. रात्री दोनच्या सुमारास जाग आली. काका नेहमीप्रमाणे ताडकन उठले, बाथरूममध्ये जाऊन उभ्यानेच लघवी केली, वळले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गुडघे दुमडले. कोपर बेसिनवर आपटलं. काकू धावल्या तोवर ते शुद्धीवर होते. डोकं आपटलं नाही, हे नशीब.

आता घड्याळ मांडून बघू. ही कॅप्सूल सावकाश विरघळणारी असते. जेवणानंतर घेतली, तर औषधाचं रक्तातलं प्रमाण सहा-सात तासांनी सर्वांत वर जातं. रिकाम्या पोटी घेतली, तर तेच चार-पाच तासांत होतं, आणि ते शिखर 40 ते 70 टक्के जास्त उंच असतं. म्हणजे नऊला घेतलेली कॅप्सूल रात्री एक ते दोनच्या दरम्यान ऐन भरात होती. आणि नेमकं दोनला काका उठले. काकूंना वाटलं तसा तो नुसता अशक्तपणा नव्हता. एकच कॅप्सूल, पण त्या रात्री शरीराला ती जास्त मिळाली आणि लवकर मिळाली.

पण मग औषध प्रोस्टेटचं, चक्कर का यावी? प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जे स्नायू असतात, ते आवळले की लघवी अडते. टॅमसुलोसिन त्यांना सैल करतं. वाढलेली ग्रंथी त्याने लहान होत नाही, फक्त वाट मोकळी होते. हे स्नायू आवळण्याचा निरोप ज्या यंत्रणेतून येतो, तशाच यंत्रणेने आपल्या रक्तवाहिन्याही आवळतात. टॅमसुलोसिन मुख्यतः प्रोस्टेटच्याच बाजूचा निरोप अडवतं, म्हणून जुन्या औषधांपेक्षा ते बरं. पण रक्तवाहिन्यांना अगदीच सोडत नाही.

आडवा माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. एरवी रक्तवाहिन्या काही सेकंदांत आवळून ते वर ढकलतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. औषधाच्या भरात हे आवळणं उशिरा आणि ढिलं होतं. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. त्यात रात्री भरलेलं मूत्राशय रिकामं होताना बीपी आणखी थोडं उतरतं. काकांच्या बाबतीत अजून एक भर होती. उपासाला पाणी कमी आणि वर बीपीची गोळी.

मी त्यांना पाच मिनिटं आडवं करून बीपी घेतलं, 132/80. उभं केलं, एका मिनिटाने 108/70, तीन मिनिटांनी 110/72. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 उतरला, तर तो उतार खरा मानतात. घरी मशीन असेल तर हे तुम्हीही करू शकता. मात्र जवळ कुणी तरी असावं, आणि चक्कर वाटली तर आकड्याची वाट न बघता खाली बसावं. बहुतेक घरी बीपी खुर्चीत बसूनच मोजतात. ते ठीक येतं आणि माणूस तरीही पडतो.

आठ दिवसांनी, जेवण आणि पाणी पूर्ववत झाल्यावर, परत मोजलं. आडवं असताना 134/80, उभं राहिल्यावर 126/78. औषध तेच, गोळ्या त्याच. म्हणून औषध बंद केलं नाही, त्याची आणि जेवणाची गाठ पक्की केली.

ही गाठ म्हणजे काय? रोज एकच जेवण निवडायचं आणि ते संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने कॅप्सूल घ्यायची. सकाळचं निवडा की रात्रीचं, ते तुमच्या डॉक्टरांशी ठरवा, पण मग बदलत राहू नका. आज पोह्यांनंतर, उद्या रात्री, परवा उपाशी, असं केलं की औषध रोज वेगळं वागतं. आपल्या इंदूरची अडचण ही की रात्रीचं जेवण जागेवर राहत नाही. पाहुणे आले, सराफ्यात खायला गेलो, साडेआठचं जेवण साडेअकरावर गेलं. अशा दिवशी कॅप्सूल नऊला घड्याळ बघून घेऊ नका, खाणं झाल्यावर घ्या. जेवणही नुसत्या नावाचं नको. कपभर चहा आणि दोन बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे, अर्धा पेला दूधही नव्हे. प्लेटभर पोहे चालतील, पण मग ते रोज हवेत.

उपासाचा प्रश्न यातूनच सुटतो. पोटाला वरणभात आणि भगर-आमटी यांतला फरक कळत नाही, त्याला काही तरी भरीव लागतं. मी काकांना म्हटलं, एकादशीला रात्री आठला ताटलीभर भगर आणि दाण्याची आमटी खा, मग कॅप्सूल. काकू हसून म्हणाल्या, "म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी!" म्हटलं, दुप्पट नको, एकपट पुरे. ज्यांना निर्जळीच करायची आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एक दिवस कॅप्सूल चुकली तर बहुतेकांना लघवीचा थोडा त्रास जाणवतो, इतकंच. पण ज्यांची लघवी पूर्वी तुंबली होती, नळी घालावी लागली होती, त्यांनी स्वतःच्या मनाने एकही दिवस गाळू नये.

चुकलेली कॅप्सूल त्याच दिवशी खाऊन झाल्यावर घेता येते. दिवस उलटला तर ती सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. गावी गेलो, कॅप्सूलचं पाकीट घरी राहिलं, पाच-सात दिवस खंड पडला, तर पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना कळवा. शरीराची सवय मोडलेली असते, कॅप्सूल त्याला पहिल्या दिवसाइतकीच नवी असते. कॅप्सूल चावायची नाही, उघडून दह्यातही कालवायची नाही. आतले बारीक दाणे चावले की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. एका आजोबांना मुलगा प्रेमाने केळ्यात कुस्करून देत होता. आजोबांना दुपारभर गरगरायचं, आणि दोष उन्हाळ्याला.

आता उठण्याचं. रात्री जाग आली की आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसा. एक-दोन मिनिटं तसंच. या वेळात पावलं वर-खाली करा, दहा-पंधरा वेळा, मुठी आवळा-सोडा. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, औषधाने जे ढिलं झालंय त्याचं काम ते थोडं उचलतात. मग पलंग धरून उभे राहा, दहा श्वास तिथेच थांबा, मग पहिलं पाऊल. लघवी रात्री तरी बसून करा. पुरुषांना हे पटवणं सर्वांत अवघड जातं, बीपीच्या गोळीपेक्षाही. ज्यांच्याकडे उकिडवं बसायचा संडास आहे त्यांना उठताना हाच झोका येतो, तिथे भिंतीला धरायला एक दांडी लावून घ्या. देवपूजेच्या पाटावरून, पंगतीतून, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर उठतानाही तेच. आणि घाई असली तरी दोन मिनिटं लघवी थांबते. नसेल थांबत, तर पलंगाशेजारी भांडं ठेवा, त्यात लाज कसली.

डोळ्यांपुढे अंधारी आली की भिंत धरून पुढे जायचा प्रयत्न करू नका. जिथे आहात तिथे जमिनीवर बसा, जमलं तर आडवे व्हा आणि पाय उंच करा. माणूस पडतो तो बहुधा "दोन पावलंच तर आहेत" म्हणून.

लघवी जास्त होईल या भीतीने पाणी तोडणारे पुष्कळ आहेत. मालव्याच्या उन्हात हे महागात पडतं, रक्तच कमी असेल तर उभं राहिल्यावर वर काय चढणार? पाणी दिवसा भरपूर प्या, झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी करा. हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर तेच पाळा. बीपीच्या गोळ्या, आणि लैंगिक ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल-टाडालाफिलसारख्या गोळ्या याच्यासोबत घेतल्या तर उतार वाढतो. त्या लपवू नका, डॉक्टरांनी याहून वेगळ्या गोष्टी ऐकलेल्या असतात. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिन चालू आहे, किंवा पूर्वी चालू होतं, हे आधी सांगा. याने बुबुळ ढिलं पडतं, त्यांना तयारीने बसावं लागतं. त्यासाठी आपणहून औषध बंद करू नका.

पूर्ण शुद्ध हरपली, डोकं आपटलं, छातीत दुखलं, किंवा मूत्राशय भरूनही लघवी होतच नाही, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

काकांची पुढची एकादशी पंधरा दिवसांनी आली. रात्री आठला भगर-आमटी, साडेआठला कॅप्सूल. दोनला जाग आली तेव्हा काकू आधीच जाग्या होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या. काका पलंगाच्या कडेला पाय हलवत बसले होते. काकूंनी विचारलं, "झाली का दोन मिनिटं?" काका म्हणाले, "अगं, तू मोजतेयस ना? मला वाटलं मी मोजायचं."

नमस्कार.