40 टक्क्यांचा पाक: साखर किती, पाणी किती

[दृश्य: वजनकाटा. त्यावर रिकामं पातेलं. शेजारी साखरेचा डबा आणि पाण्याचा जग.]

आज आपल्याला 3 लिटर पाक करायचा आहे, 40 टक्क्यांचा. 3 लिटर म्हणजे 3 किलो, त्याचे 40 टक्के म्हणजे 1 किलो 200 ग्रॅम. तेवढी साखर 3 लिटर पाण्यात टाकायची, ढवळायची, झालं. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं. पाक छान पारदर्शक झाला, पण पातेल्यात मावेना. मोजला तर पावणेचार लिटर भरला, आणि गोडी 40 टक्क्यांच्या कुठेच जवळ नव्हती.

[दृश्य: पाण्यात विरघळत जाणारी साखर, अगदी जवळून.]

चूक एका छोट्या प्रश्नात होती. 40 टक्के, पण कशाचे? पाण्याचे नाही. तयार झालेल्या पाकाच्या एकूण वजनाचे. 100 ग्रॅम पाकात 40 ग्रॅम साखर आणि 60 ग्रॅम पाणी. मी केलेल्या पाकाचं एकूण वजन होतं 4 किलो 200 ग्रॅम, आणि त्यात साखर 1 किलो 200 ग्रॅम. भागाकार करून पाहा, साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या जरा वर उत्तर येतं.

साखर कारखान्यात आणि फळप्रक्रियेत याच वजनी टक्क्याला अंश ब्रिक्स म्हणतात. साखर आणि पाण्याच्या मिश्रणाची कोष्टकं आधी कार्ल बालिंग यांनी तयार केली. पुढे 19व्या शतकातच अडॉल्फ ब्रिक्स या जर्मन अभियंत्यानं ती अधिक अचूक केली, आणि त्यांचं नाव मापाला चिकटलं.

वजन ठरलेलं असेल तर हिशेब सरळ आहे. 5 किलो पाक हवा, 40 टक्क्यांचा? साखर 2 किलो, पाणी 3 किलो. पण आपल्याला बहुतेक वेळा पाक लिटरमध्ये हवा असतो, कारण बाटल्या आणि बरण्या लिटरमध्ये भरतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

[दृश्य: मोजपात्रात 600 मिलिलिटर पाणी. त्यात 400 ग्रॅम साखर पडते. पातळी हळूहळू वर सरकते आणि 850 पाशी थांबते.]

हे नीट पाहा. 600 ग्रॅम पाण्यात 400 ग्रॅम साखर विरघळली. वजन बरोबर 1 किलो. आकारमान मात्र 850 मिलिलिटर. साखर विरघळली तरी ती जागा व्यापतेच, फक्त तिच्या वजनाच्या आकड्याइतकी नाही. 400 ग्रॅम साखरेनं सुमारे 250 मिलिलिटर जागा घेतली. म्हणून पाक पाण्यापेक्षा जड असतो. 20 अंश सेल्सिअसला 40 टक्क्यांच्या पाकाचं एक लिटर 1 किलो 176 ग्रॅम भरतं. 50 टक्क्यांचं साधारण 1 किलो 230 ग्रॅम, आणि 60 टक्क्यांचं 1 किलो 286 ग्रॅमच्या आसपास.

आता आपले 3 लिटर पुन्हा घेऊ. 3 गुणिले 1.176, म्हणजे 3 किलो 528 ग्रॅम. हे झालं पाकाचं वजन. त्याचे 40 टक्के, 1 किलो 411 ग्रॅम, ही साखर. उरलेलं 2 किलो 117 ग्रॅम, हे पाणी. पहिल्या अंदाजापेक्षा साखर 200 ग्रॅमहून जास्त, आणि पाणी जवळपास 900 ग्रॅमनं कमी.

कुणी म्हणेल, 1 किलो 200 ग्रॅम साखर घेतो आणि पाणी ओतत पातळी बरोबर 3 लिटरवर आणतो. तोही एक प्रकारचा 40 टक्केच आहे, दर 100 मिलिलिटरला 40 ग्रॅम. पण वजनी टक्क्यात तो जेमतेम 35 भरतो. औषधनिर्मितीत हा फरक ठळक दिसतो. अमेरिकेच्या औषधकोशातल्या साध्या सिरपमध्ये 1000 मिलिलिटरला 850 ग्रॅम साखर असते. आकारमानानं बोलायचं तर तो 85 टक्क्यांचा, वजनानं बोलायचं तर 65 टक्क्यांच्या जवळचा. बाटली एकच. त्यामुळे कृतीत नुसते 'टक्के' लिहिलेले दिसले की मी आधी विचारते, वजनाचे की आकारमानाचे?

[दृश्य: पातेल्याच्या तळाशी खडूनं लिहिलेलं वजन: 1 किलो 250 ग्रॅम.]

आता प्रत्यक्ष करू. पहिलं काम, रिकामं पातेलं तोलायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. माझं पातेलं 1 किलो 250 ग्रॅमचं आहे. त्यात पाकाचे 3 किलो 528 ग्रॅम मिळवले की 4 किलो 778. काम संपेल तेव्हा काट्यावर हाच आकडा दिसायला हवा.

पाणीही मी काट्यावरच घेते, जगच्या रेघेवर नाही. त्यात साखर घालते, मंद आच, आणि शेवटचा कण विरघळेपर्यंत ढवळणं. एवढ्यात थोडं पाणी वाफ होऊन उडतं. साखर उडत नाही. समजा 150 ग्रॅम पाणी गेलं. आता 1 किलो 411 ग्रॅम साखर फक्त 3 किलो 378 ग्रॅम पाकात आहे, म्हणजे पाक पावणेबेचाळीस टक्क्यांचा झाला. डोळ्यांना काही कळत नाही, काट्याला कळतं.

[दृश्य: काट्यावर 4 किलो 628. गाळलेलं, उकळून घेतलेलं पाणी बारीक धारेनं पडतं. आकडा 4 किलो 778 वर स्थिरावतो.]

जेवढं गेलं तेवढं परत घातलं. पाक पुन्हा 40 टक्क्यांवर आला.

तोलताना चूक झाली आणि पाक पातळ निघाला तर? समजा 3 किलो पाक आहे आणि तो 35 टक्क्यांचा निघाला. 5 टक्के कमी, म्हणून 3 किलोच्या 5 टक्के, 150 ग्रॅम साखर घातली तर पाक 38 टक्क्यांपाशी अडतो. कारण घातलेल्या साखरेनं पाकाचं वजनही वाढतं. साखरेपेक्षा पाण्याकडून हिशेब केला की गाठ सुटते. 35 टक्क्यांच्या 3 किलो पाकात पाणी आहे 1 किलो 950 ग्रॅम, आणि साखर घातल्यानं ते बदलणार नाही. नव्या पाकात हेच पाणी 60 टक्के असायला हवं. 1 किलो 950 ला 0.60 ने भागलं की 3 किलो 250 येतं. म्हणजे साखर लागेल 250 ग्रॅम.

पाक जास्त दाट झाला असेल तर उलट, साखरेला धरून चालायचं. पाकातली साखर 0.40 ने भागायची, जे वजन येईल तिथपर्यंत पाणी घालायचं.

[दृश्य: रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पाकाचा एक थेंब. भिंगातून निळी-पांढरी सीमारेषा.]

शेवटची तपासणी रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे पाकात प्रकाश किती वळतो त्यावरून साखरेचे टक्के दाखवणाऱ्या उपकरणानं. थेंब गरम असेल तर आकडा खरा नसतो. या उपकरणाच्या खुणा 20 अंश सेल्सिअससाठी आखलेल्या असतात, आणि पाक 30 अंश सेल्सिअसवर असेल तर 40 टक्क्यांच्या जागी पाऊण टक्क्याच्या आसपास कमी दाखवतो. आपोआप तापमान सुधारणा करणारं उपकरण असलं तरी ते ठरावीक मर्यादेतच सुधारतं, उकळत्या पाकासाठी नाही. मी थेंब काचेवर ठेवून अर्धा मिनिट थांबते.

[दृश्य: सीमारेषा 40 च्या खुणेवर. पातेल्यातून पाक पहिल्या बाटलीत उतरतो.]