पाय तेवढेच पळतात, ढांग लहान होते

(दृश्य: रिकामा ट्रॅक, सकाळ. ब्लॉकमध्ये बसलेल्या धावपटूचे फक्त पाय.)

मे 2016, जर्मनीतलं बॉट्रॉप. सेंट किट्स अँड नेव्हिस या चिमुकल्या बेटांच्या देशाचा किम कॉलिन्स 100 मीटर पळतो आणि घड्याळ थांबतं 9.93 सेकंदांवर. हा माणूस 2003 चा वर्ल्ड चॅम्पियन, पण ही 9.93 त्याची आयुष्यातली सगळ्यात फास्ट रेस होती, आणि तेव्हा त्याचं वय होतं 40. चाळिशीनंतर 10 सेकंदांच्या आत येणारा तो जगातला पहिला.

आता दुसरा आकडा बघा. 1997, अमेरिकेचे पेटन जॉर्डन, 1968 च्या ऑलिम्पिकला अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स टीमचे कोच, ते वयाच्या 80 व्या वर्षी 100 मीटर पळाले 14.35 मध्ये. कॉलेजातल्या कितीतरी पोरांना आज पळायला लावलं तरी एवढं जमत नाही.

माणसं वेगळी आहेत, पण वय बघितलं तर मध्ये 40 वर्षं, आणि फरक साधारण साडेचार सेकंदांचा. हे साडेचार सेकंद नेमके जातात कुठे, तेवढंच आज बघायचंय.

(दृश्य: स्लो मोशन. स्पाइकचा पुढचा भाग ट्रॅकला टेकतो, टाच थोडी खाली येते, पाय सुटतो.)

मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स म्हणजे 35 वर्षांपासून पुढे, दर पाच वर्षांचा एक गट, 35 ते 39, 40 ते 44, असं थेट शंभरीच्या पलीकडेपर्यंत. 2000 साली फिनलंडमधल्या यूव्हास्कूला शहरात युरोपातल्या व्हेटरन खेळाडूंची स्पर्धा भरली होती, आणि तिथल्याच युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 100 मीटरच्या फायनल हायस्पीड कॅमेऱ्यावर शूट केल्या. प्रॅक्टिस नाही हं, खऱ्या फायनल, जिथे प्रत्येक जण जीव तोडून पळतोय, पस्तिशीतले पण आणि पंच्याऐंशीच्या पुढचे पण.

आपल्याला वाटतं म्हातारपणी पाय हळू पडत असतील. तसं नाही निघालं. एका सेकंदात किती पावलं पडतात तो आकडा वयाप्रमाणे फारच थोडा कमी होत होता. कमी होत होती ती ढांग, म्हणजे एका पावलात कापलेलं अंतर.

हिशोब सोपाय. समजा सेकंदाला चार पावलं, ढांग 2 मीटर 10 सेंटिमीटर, तर वेग झाला सेकंदाला 8.4 मीटर. पावलं चारच ठेवा आणि ढांग 1 मीटर 60 करा, वेग आला 6.4 वर. म्हणजे पळणाऱ्याला आतून वाटतं की आपले पाय तसेच भराभर चाललेत, आणि ते बऱ्यापैकी खरंही असतं, पण शेजारच्या लेनमधला पुढे निघून जातो.

ढांग का लहान होते? फुल स्पीडला असलेल्या तरुण स्प्रिंटरचा पाय जमिनीला जेमतेम एक दशांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात शरीराचं सगळं वजन झेलून, परत वर आणि पुढे फेकायचं असतं. वय वाढतं तसा पाय जमिनीवर जास्त रेंगाळतो, तरीही जोर कमीच मिळतो, म्हणून शरीर हवेत कमी वेळ राहतं. जमिनीवरचा वेळ वाढला, हवेतला घटला, बेरीज जवळपास तेवढीच. म्हणून पावलांचा आकडा तसाच दिसतो.

हे तुम्ही मोबाइलवर बघू शकता. स्लो मोशन 240 फ्रेमवर लावा, ट्रॅकच्या बाजूला खाली, पायाच्या उंचीवर धरा, आणि 40 ते 50 मीटरच्या पट्ट्यात पाय टेकल्यापासून सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 24 फ्रेम म्हणजे एक दशांश सेकंद. 34 भरल्या तर साधारण 0.14. मला घड्याळापेक्षा हा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण घड्याळ वाऱ्यावर, स्टार्टवर अवलंबून असतं, आणि इथे थेट पायातला जोर दिसतो.

(दृश्य: जिम. पांढऱ्या केसांचे गृहस्थ, खांद्यावर बार, स्क्वॉट.)

जोर कमी होतो तो स्नायूत. आपल्या स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात, हळू पण न थकणारे आणि झटपट जोर काढणारे. वयाप्रमाणे बारीक होतात ते मुख्यतः दुसरे. जन्मभर स्प्रिंट मारणाऱ्यांचेही होतात, हे त्याच फिनिश मंडळींनी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासलं. आणि त्यात वेळेचा प्रश्न आहे, स्नायूला पूर्ण ताकद उभी करायला एक दशांश सेकंद पुरतच नाही, त्यामुळे जड वजन सावकाश उचलणारे काका ट्रॅकवर मात्र मागे पडतात.

मग उपाय? पन्नाशी ते सत्तरीच्या पुढच्या स्प्रिंटर लोकांना 20 आठवडे स्प्रिंटसोबत जड वजनं आणि उड्या असा प्रोग्रॅम दिला, आणि पायांची ताकद, झटपट तंतूंची जाडी, वेग, तिन्ही वाढले. हे सगळे आधीपासून नेमाने पळणारेच होते हं, म्हणजे नुसत्या पळण्याने जे मिळायचं ते मिळून झालेलं होतं, राहिलं होतं ते वजन उचलणं. मास्टर्सवाले नेमकं हेच टाळतात, गुडघ्याला भितात.

भीती अगदीच खोटी नाही, कारण खरा घोळ रिकव्हरीत होतो. स्नायू दोन दिवसांत बरा वाटतो पण त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, टेंडनला, वेळ लागतो, आणि पळणारा स्नायूचं ऐकून परत फुल स्पीड मारतो. मग पोटरी, मांडीमागचा हॅमस्ट्रिंग, नाहीतर टाचेवरचं टेंडन, अकिलिस. अकिलिस आधी सांगून ठेवतो, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं टाचेच्या वर आखडल्यासारखं होतं आणि मग सुटतं. वॉर्मअपला ते जातं म्हणून लोक सोडून देतात, पण दुसऱ्या सकाळी जास्त आखडलं तर कालचं स्प्रिंट जड गेलंय असं समजायचं, आणि आज चालणं किंवा सायकल. फुल स्पीडचे दिवस आठवड्यात दोन, मध्ये किमान दोन-तीन दिवस, साठीनंतर बऱ्याच जणांचं गणित इथेच बसतं.

नियमांनाही हे कळतं. मास्टर्समध्ये स्टार्टिंग ब्लॉक सक्तीचे नाहीत, उभं राहून सुरुवात केली तरी चालते. हर्डल खाली येतात. पुरुषांचा गोळा 7.26 किलोवरून पन्नाशीला 6, साठीला 5, सत्तरीला 4, ऐंशीला 3.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अशा स्पर्धेतला 80 वर्षांचा माणूस आणि 40 वर्षांचा माणूस वेगवेगळे असतात. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांनी सोडून दिलं, ते 80 च्या लेनमध्ये दिसतच नाहीत. म्हणून खरी घसरण या आलेखांपेक्षा जास्त असू शकते, आणि सत्तरीनंतर तर आलेखही जास्तच उतरतो.

(दृश्य: टाम्पेरे, 2022. बायकांची 100 मीटर.)

परत फिनलंडच, पण या वेळी आपल्या नजफगढकडच्या भगवानी देवी, वय 94. 100 मीटर 24.74 सेकंदांत, गोल्ड. सेकंदाला चार मीटर, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर. त्याच स्पर्धेत गोळाफेक आणि थाळीफेक, दोन्हींत ब्राँझ. त्यांच्या वयाला गोळा दोन किलोचा असतो.