नाकारलेल्या वाटणीचा अर्थ

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

आजचा विषय एका साध्या खेळाचा आहे, म्हणून नियमांपासूनच सुरुवात करतो. दोन माणसे आहेत, ती एकमेकांना ओळखत नाहीत आणि पुन्हा कधी भेटणारही नाहीत. पहिल्याला शंभर रुपये दिले जातात आणि त्यातले किती स्वतःकडे ठेवायचे व किती दुसऱ्याला द्यायचे हे त्याने ठरवायचे असते. दुसऱ्याला घासाघीस करता येत नाही. त्याने फक्त ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढेच सांगायचे. मान्य म्हटले तर ठरल्याप्रमाणे वाटणी होते. अमान्य म्हटले तर दोघांनाही काहीच मिळत नाही. खेळ एकदाच होतो. अर्थशास्त्रात याला अल्टिमेटम गेम म्हणतात आणि वेर्नर ग्यूट, रॉल्फ श्मिटबर्गर व बर्न्ड श्वार्त्से या तीन जर्मन संशोधकांनी त्याचे निष्कर्ष 1982 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केले.

माणूस केवळ स्वतःच्या पैशाचा विचार करतो असे गृहीत धरले, तर उत्तर सोपे आहे. दुसऱ्याने एक रुपयासुद्धा घ्यावा, कारण शून्यापेक्षा एक रुपया अधिक आहे. आणि पहिल्याने हे ओळखून एकच रुपया देऊ करावा. प्रत्यक्षात तसे घडत नाही. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या असंख्य प्रयोगांत पहिला माणूस साधारणपणे चाळीस ते पन्नास टक्के रक्कम देऊ करतो, आणि वीस टक्क्यांहून कमी देऊ केले तर ते जवळपास निम्म्या वेळा नाकारले जाते. देऊ करणारा एवढा उदार का होतो, याचे उत्तर लवकर देता येते. दुसऱ्याचा नकाराधिकार काढून घेतला आणि ‘तुम्ही द्याल ते त्याला घ्यावेच लागेल’ असे सांगितले, की दिली जाणारी रक्कम बरीच घसरते, मात्र शून्यावर जात नाही. म्हणजे त्या उदारतेत थोडा न्याय आहे आणि बराचसा नकाराचा धाक आहे. खरे कोडे आहे ते नकार देणाऱ्याचे. हातात येणारे वीस रुपये तो का सोडतो?

सहज सुचणारे उत्तर असे, की त्याला विषमता सहन होत नाही. समोरच्याला ऐंशी आणि मला वीस, हे चित्रच त्याला खुपते. हे उत्तर अर्धेच आहे, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मी एकाच प्रयोगाकडे तुमचे लक्ष सविस्तर वेधणार आहे. आर्मिन फाल्क, एर्न्स्ट फेर आणि ऊर्स फिशबाखर यांनी तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. रक्कम दहा गुणांची होती आणि गुणांचे नंतर पैसे मिळत. पहिल्या खेळाडूला हवी ती वाटणी करण्याची मोकळीक त्यांनी ठेवली नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवले. त्यातला एक पर्याय प्रत्येक वेळी तोच होता: आठ मला, दोन तुला. दुसरा पर्याय मात्र चार खेळांत चार प्रकारचा होता, आणि तो कोणता आहे हे दुसऱ्या खेळाडूलाही ठाऊक होते.

पहिल्या खेळात दुसरा पर्याय होता पाच-पाच. म्हणजे समान वाटणी समोर दिसत असताना ज्याने आठ-दोन निवडले, त्याने ते जाणूनबुजून निवडले. इथे सुमारे 44 टक्के लोकांनी आठ-दोन नाकारले. दुसऱ्या खेळात पर्याय होता दोन मला, आठ तुला. इथे समान वाटणीची वाटच नव्हती; आठ-दोन टाळायचे तर पहिल्याने स्वतःचे नुकसान सोसायला हवे होते. नकाराचे प्रमाण 27 टक्क्यांवर आले. तिसऱ्या खेळात दोन्ही पर्याय आठ-दोनच होते, म्हणजे निवड नावालाच होती. तिथे 18 टक्क्यांनी नाकारले. चौथ्या खेळात पर्याय होता दहा मला, शून्य तुला. त्याच्या शेजारी ठेवल्यावर आठ-दोन ही चक्क भलाई ठरते, आणि नाकारणारे 9 टक्के उरले.

या चार आकड्यांवर थोडे थांबायला हवे. नकार देणाऱ्याच्या पदरात चारही खेळांत नेमके दोनच गुण पडणार होते आणि समोरच्याला आठच मिळणार होते. वाटणीचे अंतर हेच नकाराचे एकमेव कारण असते, तर चारही ठिकाणी प्रमाण सारखे आले असते. ते पाचपट बदलले. याचा अर्थ असा, की माणूस ‘मला किती मिळाले’ याबरोबरच ‘याला दुसरे काय करता आले असते आणि तरी याने काय केले’ हेही मोजत असतो. मात्र तिसऱ्या खेळातले 18 टक्के विसरून चालणार नाही. तिथे समोरच्याला दोष देण्यास जागाच नव्हती, तरीही जवळपास पाचातल्या एकाने वाटणी फेटाळली. विषमतेचा स्वतंत्र त्रास असतोच. पण न्यायबुद्धीचा मोठा वाटा हेतू पारखण्यात खर्च होतो.

आपल्याकडच्या बटईचा व्यवहार डोळ्यांसमोर आणला तर हा फरक परका वाटणार नाही. विहीर आटली, खतबियाण्याचा सगळा खर्च मालकाच्या अंगावर पडला, अशा साली बटईदार कमी वाट्यावर राजी होतो. पण धुऱ्यापलीकडच्या शेतात त्याच पिकाला, त्याच खर्चाच्या बोलीवर निम्मा वाटा मिळत असताना मालकाने चौथाई पुढे केली, तर तोच माणूस ‘रान पडीक राहू द्या’ म्हणून उठून जातो. पोत्यांची संख्या दोन्ही वेळा सारखी असू शकते.

आता दुसरा प्रश्न. हेतू वाईट आहे हे कळले, तरी त्यासाठी स्वतःचे पैसे का घालवायचे? गावातल्या व्यवहारात याला व्यावहारिक उत्तर आहे: आज चौथाईवर मान डोलावली तर पुढच्या साली कोणीच निम्मे देणार नाही. ते शहाणपणच आहे. पण प्रयोगात पुढचे साल नसते, नाव नसते, ओळख नसते. म्हणून तिथला नकार हा भविष्यातली गुंतवणूक म्हणून समजावून सांगता येत नाही.

या बाबतीत दोन प्रयोग परस्परांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एर्ते शियाओ आणि डॅनियल हाऊझर यांनी 2005 मध्ये एका गटाला नेहमीचा खेळ दिला; दुसऱ्या गटाला मान्य-अमान्य कळवतानाच समोरच्याला मनातले चार शब्द लिहून पाठवण्याची मुभा दिली. वीस टक्के किंवा त्याहून कमी वाटा देऊ केल्यावर पहिल्या गटात 60 टक्क्यांनी नकार दिला, दुसऱ्या गटात 32 टक्क्यांनी. बोलायला जागा मिळाली तेव्हा अनेकांनी पैसे घेतले आणि नाराजी शब्दांत पोचवली. म्हणजे ज्याच्याकडे दुसरे कोणतेच साधन नसते, त्याच्यासाठी नकार हेच बोलण्याचे साधन होते. आपल्याकडे सौदे मोडताना ‘एकदा विचारलं तरी असतं’ हे वाक्य किती वेळा ऐकू येते, ते आठवून पाहा. त्यामागची तक्रार केवळ रकमेची नसते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर जपानमधला प्रयोग आड येतो. तोशिओ यामागिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये खेळाचा नियमच बदलला. नाकारणाऱ्याचा वाटा जाईल, पण देणाऱ्याचा वाटा त्याच्याकडेच राहील. इथे नकाराने समोरच्याला शिक्षा होत नाही, विषमता उलट वाढते. तरी अगदी कमी वाटा देऊ केलेल्यांपैकी सुमारे तीस ते चाळीस टक्के लोकांनी तो घेतला नाही. आणि देणाऱ्याला या नकाराचा पत्ताही लागणार नाही अशी व्यवस्था केल्यावरही नकार थांबले नाहीत. इथे निरोप नाही, सूड नाही, फायदा तर नाहीच. ते पैसे घेणे म्हणजे दिलेली किंमत स्वतः मान्य करणे, आणि तेवढे करायला हा माणूस तयार नाही, याखेरीज मला या निकालाचा दुसरा अर्थ लावता येत नाही. शियाओ-हाऊझर यांच्या प्रयोगातही बोलण्याची सोय असताना 32 टक्के नकार उरले होतेच. त्यातला काही भाग याच जातीचा असावा.

या निष्कर्षांना दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे, कोणत्या गोष्टीला दोष द्यायचा हे समाज शिकवतो. जोसेफ हेन्रिख यांनी पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांत हा खेळ घेतला, तेव्हा सर्वाधिक वेळा देऊ केलेला वाटा फक्त पंधरा टक्के होता आणि एकवीसपैकी एकाच प्रस्तावाला नकार मिळाला. आपण देणारे न होता घेणारे झालो हे आपले नशीब, असे ते लोक मानत. समोरच्याच्या निवडीकडे त्यांनी दोष म्हणून पाहिलेच नाही, आणि दोष नाही तिथे नकारही नाही. फाल्क आणि सहकाऱ्यांच्या निकालाशी हे जुळते.

दुसरी मर्यादा रकमेची आहे, आणि ती आपल्या देशातल्या प्रयोगातून पुढे आली. स्टेफन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी ईशान्य भारतातल्या गरीब गावांत हा खेळ वीस, दोनशे, दोन हजार आणि वीस हजार रुपयांवर खेळवला. निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत मोठी रक्कम तिथल्या माणसाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी होती. यापूर्वी मोठ्या रकमेचे प्रयोग झाले होते, पण त्यांत देऊ केलेले वाटेच इतके मोठे असत, की अगदी कमी वाट्याला लोक काय करतील हे पुरेसे दिसतच नव्हते. म्हणून इथे सूचनांची मांडणी अशी केली, की लोक कमी वाटा देऊ करण्यास धजावतील. रक्कम वाढत गेली तसतसे त्याच प्रमाणातल्या वाट्याला मिळणारे नकार घटत गेले आणि वीस हजारांवर ते जवळपास संपले. यावरून न्यायाची भावना केवळ स्वस्तात परवडते तोवरच टिकते, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. वीस हजारांतले पाच हजार स्वीकारणाऱ्याने ती वाटणी न्याय्य मानली, असे त्या प्रयोगाने दाखवलेले नाही. नकाराची किंमत त्याच्या ऐपतीपलीकडे गेली, एवढेच दाखवले आहे. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून घेतलेली उचल मुकाट्याने स्वीकारते, तेव्हा त्या मुकेपणाला संमती समजणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा.

व्याख्यानापूर्वी एका शिक्षक मित्राने मला विचारले होते, की खऱ्या व्यवहारातला नकार पुढच्या सालाच्या हिशेबाने आला की मानाच्या भावनेने, हे ओळखायचे कसे? अचूक कसोटी नाही, पण शोधण्याची दिशा आहे. बटई सोडणारा माणूस गावातच राहणार आहे की कायमचा पुण्याला निघाला आहे, ते पाहा. त्याचा नकार चार लोकांत सांगितला जाणार आहे की दोघांतच राहणार आहे, ते पाहा. आणि मालकाने तोच वाटा ठेवून खर्चाचा हिशेब त्याच्यापुढे मांडला असता तर तो थांबला असता का, हे त्यालाच विचारा. जो निघून चाललेला आहे, ज्याचा नकार कोणाला कळणार नाही आणि तरी जो घेत नाही, त्याला पुढच्या सालाचा हिशेब लागू पडत नाही. हिशेब दाखवल्यावर जो तोच वाटा घेतो, त्याची तक्रार पोत्यांच्या संख्येबद्दल नव्हती.