पेटीतला लाख

(कास्तकार मंडळी आणि बचत गटाच्या महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. मधल्या गप्पा थोड्या काढल्या आहेत.)

मंडळी, आज शेअर बाजाराबद्दल मी बोलणार नाही, म्युच्युअल फंडाबद्दल पण नाही, ते ऐकायला कोणी आलं असेल तर चहा घ्या अन् निघा. आज फक्त घरात ठेवलेल्या नोटांबद्दल बोलू. पेटीत, गादीखाली, डाळीच्या डब्यात, जिथं असतील तिथं. आणि एकच हिशोब करू, पण पुरा करू.

एक कास्तकार धरा. २०१४ चा हंगाम, त्यानं लांब धाग्याचा २५ क्विंटल कापूस हमीभावानं विकला. त्या वर्षी हमीभाव होता ४०५० रुपये. म्हणजे चुकारा झाला १ लाख १ हजार २५०. वरचे साडेबाराशे गाडीभाड्यात, हमालीत गेले, आणि बरोबर १ लाख त्यानं बँकेतून काढून घरी आणून पेटीत ठेवले. पोरीच्या लग्नाला होतील म्हणून. नोव्हेंबर २०१४ समजा.

त्याचा शेजारी, त्याचाही तेवढाच कापूस, तेवढेच पैसे. तो पोस्टात गेला. त्याच महिन्यात किसान विकास पत्र परत सुरू झालं होतं, १०० महिन्यांत दामदुप्पट. त्यानं १ लाखाचं पत्र घेतलं आणि विसरून गेला. शंभर महिने म्हणजे आठ वर्षं चार महिने, ते भरले मार्च २०२३ ला.

आता मार्च २०२३ ला दोघांकडं काय आहे ते पाहू. पेटीवाल्याकडं १ लाख. एक नोट कमी नाही, उंदरानं कुरतडली नाही, चोरी नाही. मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा बँकेत भरून, आठवड्याला २४ हजाराच्या मर्यादेत रांगा लावून लावून परत काढल्या आणि परत पेटीत ठेवल्या, इतकी त्याची निष्ठा! त्याला विचारलं तर तो म्हणणार, माझं काही नुकसान झालं नाही.

पण त्याच २५ क्विंटल कापसाचा हमीभाव २०२२-२३ ला होता ६३८०. म्हणजे तेवढ्याच कापसाचे झाले १ लाख ५९ हजार ५००. पेटीतला लाख घेऊन तो आता कापूस घ्यायला निघाला तर त्याला पावणेसोळा क्विंटल पण येत नाही. २५ क्विंटल पेटीत ठेवले होते, नऊ क्विंटल गेले, आणि पेटीचं कुलूप तसंच.

मजुरीत पाहू, कापूस सोडा. आपल्या राज्यात रोजगार हमीचा दर २०१४-१५ ला दिवसाला १६८ रुपये होता, २०२२-२३ ला २५६. गावातली रोजी वेगळी असते हे मला माहीत आहे, वेचणीच्या दिवसात तर कोणी या दरात येत पण नाही, पण सरकारी दर धरला की भांडण होत नाही म्हणून तो धरतो. जुन्या दरानं १ लाखात ५९५ दिवसांचं काम निघत होतं. नव्या दरानं ३९०. म्हणजे दोनशेच्या वर दिवसांचं निंदण-वेचणी त्या पेटीतून निघून गेलं.

आता सगळ्या वस्तूंचा मिळून जो महागाईचा निर्देशांक सरकार काढतं, तो २०१४ च्या नोव्हेंबरात १२० च्या आसपास होता आणि मार्च २०२३ ला १७७ च्या आसपास. म्हणजे जे सामान १२० ला येत होतं ते १७७ ला. इथं लोक एक गडबड करतात, म्हणतात साडेसत्तेचाळीस टक्के महागाई झाली म्हणजे लाखातून साडेसत्तेचाळीस हजार वजा, साडेबावन्न हजार राहिले. तसं नाही. वजा करायचं नाही, भागायचं. १ लाखाला १.४७५ नं भागा, ६७ हजार ८०० येतात. म्हणजे जुन्या भावानं पाहिलं तर पेटीत साधारण ६८ हजाराचा माल उरला. ३२ हजार गेले. नुकसान वजाबाकीवाल्या आकड्यापेक्षा कमी आहे, पण आहे.

शेजाऱ्याला मिळाले २ लाख. पण तो पण दुप्पट श्रीमंत झाला असं समजू नका. त्याचे पण भागा, १ लाख ३५ हजार येतात. म्हणजे त्याची खरी कमाई आठ वर्षांत ३५ हजार, बाकी ६५ हजार महागाईची भरपाई करण्यातच गेले. (वरून व्याजावर टॅक्स लागतो, तो ज्याच्या त्याच्या उत्पन्नावर आहे.) आणि तिसरा कोणी बचत खात्यात ठेवून बसला असता तर? स्टेट बँकेत तेव्हा ४ टक्के होतं, २०१७ ला साडेतीन झालं, २०२० नंतर २.७. त्याचे लाखाचे साधारण १ लाख ३० हजार झाले असते आणि जुन्या भावानं ते ८८-८९ हजार. म्हणजे बँकेत ठेवूनही तो थोडा मागंच गेला, पेटीवाल्याएवढा नाही.

इथं एका बाईंनी मस्त प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "पण साहेब, युरियाची थैली तर वर्षानुवर्षं २६६ रुपये ५० पैशालेच भेटते, मंग महागाई कुठं हाय?"

बरोबर आहे. युरियाचा भाव सरकारनं बांधून ठेवला आहे, वरचा खर्च सबसिडीत जातो. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाचं पण तसंच, त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं, २०१६ ला ८०० होती, मग कमी करून ७४० केली, २०२४ ला ८६४. आठ वर्षांत ६४ रुपये वाढ, म्हणजे काहीच नाही. म्हणून कृषी केंद्रावर उभं राहून महागाई मोजली तर ती दिसतच नाही. ती दिसते मजुरीत, ट्रॅक्टरच्या भाड्यात, पोराच्या फीमध्ये, दवाखान्यात, तेला-डाळीत. सगळ्या वस्तू एका रांगेत चालत नाहीत, काही उभ्या राहतात, काही पळतात, टमाटे तर वर जाऊन खाली पण येतात, आणि त्या गोंधळात माणसाला वाटतं की हे तर चालूच असतं.

पण महागाई गुपचूप खाते याचं मला जे खरं कारण वाटतं ते दुसरंच आहे. ते असं की महागाई आपल्या कमाईला पण वाढ देते. कापसाचा भाव वाढला, रोजी वाढली, मास्तराचा पगार वाढला, किराणावाल्यानं पण भाव वाढवला. भाव परवडत नाही ही ओरड आहे आणि ती खरी आहे, पण आकडा तर दोन्हीकडं वाढत गेला. म्हणून चालू व्यवहारात घाव तेवढा कळत नाही. वाढ मिळाली नाही ती फक्त एकाला, पेटीतल्या नोटेला. २०१४ चे पाचशे रुपये अन् आजचे पाचशे रुपये, दोन्हींचा आकडा सारखा. नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला ५०० रुपये देण्याचं वचन देतात, त्या पाचशेत तुरीची डाळ किती येईल याचं वचन कोणीच देत नाही.

कापूस घरात भरून ठेवला की तो वाळतो, वजन घटतं, आणि काट्यावर चढवला की आपल्याला लगेच कळतं, आपण बोंबा मारतो. नोटेला तसा काटा नाही. काटा आपणच लावायचा असतो, जुनी डायरी काढायची, किराण्याचं जुनं बिल काढायचं, तेच सामान तेवढंच आज कितीला येतं ते लिहायचं, नव्याला जुन्यानं भागायचं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा हा तुमच्या घरचा आकडा जास्त कामाचा, कारण गावाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा मोठा असतो. जुन्या निर्देशांकात ग्रामीण भागासाठी तो ५४ टक्के धरला होता, शहरापेक्षा बराच जास्त.

आणि कोणी म्हणेल की सरकार महागाई बंदच का करत नाही? तर बंद करणं हे ध्येयच नाही. २०१६ ला कायद्यात बदल झाला, रिझर्व्ह बँकेला लक्ष्य दिलं ४ टक्के, खाली २ वर ६ पर्यंत चालतं. म्हणजे सगळं एकदम छान चाललं, रिझर्व्ह बँकेनं काम शंभर टक्के बरोबर केलं, तरी १८ वर्षांत पेटीतल्या नोटेची ताकद अर्धी होणार. पोरगी जन्मली तेव्हा लग्नासाठी ठेवलेला पैसा लग्नापर्यंत अर्धा!

मागून एक काकाजी म्हणाले, "मंग घरी एक रुपया बी ठेवाचा नाही का? रात्री साप चावला तं एटीएम शोधत फिरू का?"

नाही काकाजी, ठेवायचाच. ५० हजार जूनच्या पेरणीसाठी सहा महिने घरी राहिले तर ५ टक्के महागाईनं बाराशे रुपये गेले. रात्री-बेरात्री हाताशी पैसा असण्याची ती किंमत आहे, मी पण देतो. दवाखाना, पेरणी, शनिवारची मजुरी, एवढं घरी असू द्या. मी बोलतो आहे त्या पैशाबद्दल जो तीन-चार वर्षं कोणी हात लावणार नाही असा आहे. सहा महिन्याचे बाराशे कळतात तरी, आठ वर्षाचे ३२ हजार कळतच नाहीत.

आणि घरी ठेवण्यामागं भीती असते हे मी समजतो, पतसंस्था बुडाल्या, लोकांचे पैसे अडकले. तर फरक लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखापर्यंत विमा आहे, २०२० पासून, आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेला हा विमा नाही. पतसंस्था दोन टक्के जास्त देते ते त्या जोखमीचे, फुकटचे नाहीत. पोस्टाच्या मागं सरकार आहे.

शेवटी एका पोरानं विचारलं की माझ्यावर कर्ज पण आहे आणि घरी पैसे पण आहेत, काय करू. कर्ज कोणतं ते पाहा. सावकाराचं शेकडा ३ महिन्याला असेल तर वर्षाला ३६ टक्के झाले, पेटीतले पैसे आज संध्याकाळीच नेऊन द्या, कोणतीच ठेव त्याची बरोबरी करत नाही. पण ३ लाखाच्या आतलं पीक कर्ज असेल आणि तू वेळेवर भरणारा असशील, तर पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरून व्याज शून्यावर येतं. असं कर्ज चार महिने आधी नेऊन भरण्यात काही शहाणपण नाही, कारण महागाई त्या कर्जाला पण खाते आणि तिथं ती तुझ्या बाजूनं असते. ते पैसे तोपर्यंत कमी मुदतीच्या एफडीत टाक, आणि मुदतीच्या आठवडाभर आधी मोडून कर्ज भर. तारीख मात्र चुकवू नको, चुकली की सवलत गेली.