भाषांतरासाठी पासपोर्ट अपलोड करण्यापूर्वी काय झाकावे आणि कसे झाकावे

नमस्कार. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचे दुसऱ्या भाषेत भाषांतर हवे असते, तेव्हा बहुतेक जण त्या पानाचा फोटो काढतात आणि तो जसाच्या तसा एखाद्या भाषांतराच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये चढवतात. या व्हिडिओत मी फक्त त्या एका पानाविषयी बोलणार आहे, कारण ओळखपत्रांपैकी इतकी माहिती इतक्या थोड्या जागेत दुसऱ्या कुठल्या कागदावर क्वचितच असते, आणि झाकताना होणाऱ्या चुकाही याच पानावर सर्वाधिक होतात.

सुरुवातीला त्या फोटोचे पुढे काय होते ते पाहू. चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा वेगळा मजकूर तयार केला जातो आणि भाषांतर त्या मजकुराचे होते, चित्राचे नव्हे. म्हणजे तुम्ही एक फोटो पाठवला, तरी पलीकडे किमान तीन गोष्टी तयार होतात: मूळ चित्र, त्यातून काढलेला मजकूर आणि भाषांतरित मजकूर. नंतर तुम्ही खात्यातून फोटो काढून टाकलात, तरी उरलेल्या दोन गोष्टीही पुसल्या गेल्या असे गृहीत धरता येत नाही. काम एखाद्या भाषांतर संस्थेकडे दिले असेल, तर तिथे भाषांतर-स्मृती नावाची साठवण असते; वाक्ये मूळ आणि भाषांतर अशा जोड्यांनी त्यात जमा होतात, म्हणजे तेच वाक्य पुन्हा आले की आयते मिळावे. तुमचे नाव आणि क्रमांक असलेली ओळ त्या साठवणीत गेली, तर ती तिथेच राहू शकते आणि पुढच्या कुणाच्या तरी कामात समोर येऊ शकते. हे केवळ भीतीपोटी सांगत नाही. सन २०१७ मध्ये नॉर्वेच्या एनआरके या प्रसारण संस्थेने दाखवून दिले होते, की एका मोफत भाषांतर सेवेत लोकांनी टाकलेला खाजगी मजकूर साध्या शोधयंत्रात शोधला तरी सापडत होता. तो टाकणाऱ्यांपैकी कुणीही तो प्रकाशित करण्याच्या हेतूने टाकलेला नव्हता.

आता प्रत्यक्ष पानाकडे वळू. पासपोर्टची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात ठरवून दिलेली आहे. त्या दस्तऐवजात ‘युटोपिया’ या काल्पनिक देशाच्या पासपोर्टचा एक नमुना दिलेला आहे आणि मी तोच वापरतो, म्हणजे कुणाचीही खरी माहिती पडद्यावर येणार नाही. पानाच्या तळाशी असलेल्या या दोन ओळी पाहा.

```
P<UTOERIKSSON<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
L898902C36UTO7408122F1204159ZE184226B<<<<<10
```

प्रत्येक ओळीत बरोबर ४४ खुणा आहेत. पहिल्या ओळीत देश आणि नाव आहे. दुसरी ओळ मात्र सावकाश वाचण्यासारखी आहे. पहिल्या नऊ खुणा, `L898902C3`, हा पासपोर्टचा क्रमांक आहे आणि त्यानंतरचा ६ हा तपासणी अंक आहे, म्हणजे आधीच्या खुणा बरोबर वाचल्या गेल्या की नाही हे पडताळण्यासाठीचा अंक. मग देशाची तीन अक्षरे येतात. त्यापुढचे `740812` म्हणजे १२ ऑगस्ट १९७४ ही जन्मतारीख, आणि त्यामागचा २ पुन्हा तपासणी अंक. `F` म्हणजे स्त्री. `120415` म्हणजे १५ एप्रिल २०१२, मुदत संपण्याचा दिवस, आणि ९ हा त्याचा तपासणी अंक. शेवटी व्यक्तिगत क्रमांकाची जागा आहे. तिथे काय छापायचे हे प्रत्येक देश आपापले ठरवतो.

ज्या पासपोर्टमध्ये चिप असते, त्या चिपमधील मूळ माहिती आणि छायाचित्र वाचण्यासाठी लागणारी किल्ली पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख या तिन्हींवरून तयार करता येते, आणि तिन्ही गोष्टी या एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. चिप वाचायला यंत्र काही सेंटिमीटरवर आणावे लागते, त्यामुळे दूरदेशी बसलेला माणूस ती वाचू शकणार नाही, हेही तितकेच खरे आहे. त्याच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे असते ते संपूर्ण, स्पष्ट, कुठेही न झाकलेले पान, कारण दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन खाते उघडताना अनेकदा नेमके तेच मागितले जाते.

झाकण्याचा विषय इथूनच सुरू होतो. बरेच जण क्रमांकाचा किंवा तारखेचा शेवटचा एखादा अंक झाकतात आणि निर्धास्त होतात. तपासणी अंक उघडा राहिला असेल, तर हे झाकणे कुचकामी ठरते. वरच्या जन्मतारखेतील शेवटचा २ मी झाकला असे समजा. उरले ७, ४, ०, ८, १. नियम असा आहे की, अंकांना क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असे गुणायचे आणि बेरजेचा एकं स्थानचा अंक तपासणी अंकाइतका यायला हवा. सात सत्ते एकोणपन्नास, चार त्रिक बारा, मग शून्य, आठ सत्ते छप्पन्न आणि एक त्रिक तीन, बेरीज १२०. झाकलेल्या अंकाला १ ने गुणायचे आहे आणि तपासणी अंक २ आहे, म्हणजे झाकलेला अंक २ च असणार. कागद आणि पेन्सिल एवढ्यावर हे काम झाले. कुठलाही एक अंक झाकला तरी हेच घडते, कारण शून्य ते नऊ या अंकांना ७, ३ किंवा १ ने गुणले की शेवटचा अंक प्रत्येक वेळी वेगळा येतो, त्यामुळे उत्तर एकच उरते. म्हणून खालच्या दोन ओळी झाकायच्या तर पूर्ण झाकाव्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांतील एकाही अक्षराचे भाषांतर करायचे नसते, तेव्हा त्या दिसू देण्याचे काहीच कारण नाही.

मग तोच क्रमांक आणखी कुठे आहे ते शोधावे लागते. तो वरच्या भागात छापलेला असतो, आणि अनेक देशांच्या पासपोर्टमध्ये पानांवर बारीक छिद्रांनी टोचलेलाही असतो. पान प्रकाशासमोर धरले की ती छिद्रे नीट दिसतात, आणि फोटोतही ती वाचता येऊ शकतात.

झाकण्याचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग कागदाचा आहे. जाड, गडद कागदाच्या पट्ट्या कापा आणि फोटो काढण्यापूर्वीच त्या पानावर ठेवा. पट्टी अक्षरांच्या चारही बाजूंनी काही मिलिमीटर बाहेर आली पाहिजे, कारण अक्षरांचे शेंडे किंवा पाय दिसत राहिले तर अंक ओळखता येतात. पातळ पांढरा कागद वापरू नये, त्यातून छपाई आरपार दिसते. नाव, क्रमांक, खालच्या दोन ओळी, जन्मतारीख, मुदतीची तारीख, जन्मस्थान, छायाचित्र, सही आणि व्यक्तिगत क्रमांक, एवढे झाकावे. अशा रीतीने झाकलेली माहिती चित्रात कधी आलेलीच नसते, त्यामुळे ती परत काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

फोटो आधीच काढलेला असेल आणि पडद्यावरच झाकायचे असेल, तर जपून करावे लागते. फोनमधील मार्करची शाई बहुधा थोडी पारदर्शक असते. दोन-तीन वेळा फिरवली की डोळ्यांना काळी दिसते, पण चित्राची उजळता आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवला की खालचे आकडे उमटतात. त्यामुळे झाकल्यावर एका प्रतीवर स्वतः उजळता वाढवून पाहावी. चौकोनी तुकड्यांत धूसर करणेही पुरेसे नाही, कारण ठरावीक टंकातले मोजकेच अंक संभवतात. प्रत्येक संभाव्य अंक तसाच धूसर करून ताडून पाहता येतो. पीडीएफवर काळा चौकोन काढला असेल, तर तो बहुधा मजकुरावर ठेवलेली वेगळी वस्तू असते. त्या जागेवर बोट किंवा माऊस फिरवून मजकूर निवडावा, कॉपी करावा आणि एखाद्या रिकाम्या नोंदीत पेस्ट करावा. आकडे उतरले, तर चौकोन फक्त दिसण्यापुरता आहे. चित्र कापून टाकण्यावरही विसंबू नये. सन २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधील चित्रसंपादनाच्या साधनात असा दोष उघड झाला, की कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाईलमध्ये मूळ चित्राचा काही भाग शिल्लक राहत होता. विंडोज ११ मधील स्निपिंग टूलमध्येही तशीच त्रुटी आढळली होती. दोन्ही पुढे दुरुस्त झाल्या, पण त्याआधी पाठवलेल्या फाईली दुरुस्त झाल्या नाहीत.

पडद्यावर झाकायचेच असेल, तर पूर्ण अपारदर्शक रंगाचा भरीव चौकोन टाकावा आणि मग त्या झाकलेल्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवावा. त्यामुळे खालचे थर उरत नाहीत आणि मूळ फोटोला चिकटलेली जागेची नोंदही सोबत जात नाही.

झाकलेल्या जागांचे भाषांतरात काय करायचे, हा प्रश्न उरतो. मी पट्ट्यांवर `X1`, `X2` अशा खुणा ठळक लिहितो. त्या सहसा भाषांतरात जशाच्या तशा येतात, आणि भाषांतर स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतल्यावर त्या जागी खरे नाव, क्रमांक आणि तारखा मी हाताने भरतो. जन्मस्थानासारखा एखादा शब्द दुसऱ्या लिपीत हवाच असेल, तर तो एकटाच, दुसऱ्या दिवशी आणि खात्यात प्रवेश न करता भाषांतरित करून घेतो, म्हणजे तो तुमच्या बाकीच्या माहितीशी सहज जोडला जात नाही.

ही पद्धत तुम्हाला किंवा समोरच्या माणसाला कागद समजावा एवढ्यासाठी पुरते. एखाद्या कार्यालयाला प्रमाणित भाषांतर हवे असेल, तर ती चालणार नाही, कारण जे पाहिलेच नाही ते बरोबर असल्याचा दाखला भाषांतरकार देऊ शकत नाही. तिथे पूर्ण पान दाखवावेच लागते, पण ते सार्वजनिक संकेतस्थळावर चढवावे लागत नाही. झाकलेल्या प्रतीवरून मसुदा करून घ्यावा आणि उरलेल्या जागा मूळ पासपोर्ट समोर ठेवून भाषांतरकाराकडूनच भरून घ्याव्यात. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल, तर पूर्ण पानाच्या प्रतीवर ‘फक्त अमुक भाषांतरासाठी’ असे शब्द आणि तारीख मजकुरावरून तिरपी जाईल अशी छापून पाठवावी. पाठवण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा: ही फाईल आणि तिच्यातील वाक्ये तुमच्या भाषांतर-स्मृतीत जाणार आहेत का, आणि काम संपल्यावर ती कधी पुसली जातील? उत्तर टाळाटाळीचे आले, तर मी पान पाठवत नाही आणि दुसरा भाषांतरकार शोधतो.